टपावरची काळी चिकटपट्टी

जिओगेसर हा खेळ 2013 साली स्वीडनमध्ये सुरू झाला. गूगल स्ट्रीट व्ह्यूमधला जगातला कुठला तरी रस्ता पडद्यावर येतो आणि तो कुठला हे नकाशावर बोट ठेवून सांगायचं असतं. नवखा माणूस पाट्या, झाडं, घरांची छपरं बघत बसतो. मुरलेला खेळाडू आधी मान खाली घालतो आणि फोटो काढणारी गाडी बघतो.

गाडी दिसते याचं कारण कॅमेऱ्याच्या जागेत आहे. टपावरच्या खांबावर अनेक भिंगं बसवलेली असतात आणि त्यांची चित्रं जोडून चहूबाजूंचं एकसंध दृश्य तयार होतं. चहूबाजू म्हटल्यावर खालची बाजूही आलीच. तिथे गाडीचा टप, बॉनेट, अँटेना असं काहीबाही येतं. बरेचदा ते पुसट करून टाकलेलं असतं, पण तरीही गाडीचा रंग किंवा अँटेनाची सावली उरतेच.

केनियाचं उदाहरण सगळ्यात प्रसिद्ध. तिथल्या बहुतेक चित्रणात गाडीच्या बॉनेटशेजारून वर आलेली एक काळी नळी दिसते. हिला स्नॉर्कल म्हणतात. इंजिनाला हवा लागते. ओढ्यातून गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी आत गेलं, तर इंजिनाचं काम तमाम. म्हणून हवा घेण्याचं तोंड उंचावर नेतात. त्याचा धुळीच्या रस्त्यावरही फायदा होतो.

आता समजा, समोर लाल मातीचा रस्ता आहे, वाहनं डावीकडून चालली आहेत, कडेला केळी आहेत. हा केनिया असेल किंवा शेजारचा युगांडा. दोन्हीकडे ब्रिटिशांची डावी बाजू आणि तीच लाल माती. खाली बघितलं आणि नळी दिसली, की पारडं केनियाकडे झुकतं. पण शहाणा खेळाडू तेवढ्यावर थांबत नाही. दुकानाच्या भिंतीवर हिरव्या रंगात ‘M-PESA’ लिहिलंय का, हे तो शोधतो. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ही सेवा केनियात घरोघरी पोचली आहे. ती पाटी सापडली की देश पक्का.

पण गुण मिळतात ते खऱ्या जागेपासून आपण किती जवळ बोट ठेवलं यावर. नळी देश सांगते, जिल्हा नाही. मोम्बासाच्या किनाऱ्यावर आणि पश्चिमेच्या डोंगरात तीच नळी दिसते. नारळ दिसले तर किनारा, चहाचे मळे दिसले तर केरिचोकडचा भाग, असा अंदाज शेवटी निसर्गावरूनच बांधावा लागतो.

घानाची खूण तर आणखी गमतीची. टपावरच्या कॅरिअरच्या एका कोपऱ्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. कुणीतरी सहज हाताशी असलेली पट्टी लावली असेल, आणि आता जगभरची पोरं ती बघून क्षणात ‘घाना’ म्हणतात. मंगोलियात टपावर मुक्कामाचं सामान लादलेलं दिसतं. नायजेरियात काही ठिकाणी मागे पोलिसांची गाडी चालताना आढळते.

या सगळ्या खुणा योगायोगाच्या, म्हणून तकलादू. चिकटपट्टी घानाची नाही, एका गाडीची आहे. उद्या दुसऱ्या गाडीने तेच रस्ते पुन्हा टिपले की ती खूण गेली. पट्टी नाही म्हणून घाना नाही, असा उलटा तर्क करणारा हमखास फसतो. शिवाय स्ट्रीट व्ह्यूवर सामान्य लोकांनी टाकलेली चित्रंही असतात आणि त्यांत वाटेल ती गाडी येते. म्हणून कोपऱ्यात कुणाचं नाव आहे, हे आधी बघावं.

याउलट जपान आणि स्वित्झर्लंडची खूण नियमातून, वादातून आली आहे. कॅमेरा कुंपणावरून घरात डोकावतो, अशी तक्रार जपानमध्ये झाली आणि 2009 मध्ये गूगलने तो 40 सेंटिमीटर खाली आणला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2012 च्या निकालात उंचीचा मुद्दा विचारात घेतला. त्यामुळे तिथे गाडी जवळ, रस्ता जवळ आणि भिंती नेहमीपेक्षा उंच भासतात. नवी गाडी आणली तरी तक्रारीचं कारण तसंच राहतं, म्हणून माझ्या मते ही खूण चिकटपट्टीपेक्षा जास्त भरवशाची.

भारतात गोष्ट वेगळी आहे. 2011 मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं चित्रण पोलिसांच्या हरकतीमुळे थांबलं. 2022 मध्ये सेवा परत आली, पण चित्रण टेक महिंद्रा आणि जेनेसिस या भारतीय कंपन्यांनी केलं. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होती. तेव्हा इतर देशांत पाठ केलेल्या गाड्या नाशिकच्या रस्त्यावर फारशा कामाच्या नाहीत. तिथे दुकानाची देवनागरी पाटी आणि समोरच्या गाडीवरचं ‘MH 15’ वाचता आलं, तर खाली बघायची गरजच पडणार नाही. अर्थात नंबरप्लेट पुसट केलेल्या असतात, त्यामुळे भिस्त पाटीवरच.