पैसे तो मागतच नाही

विवाहजुळणीच्या संकेतस्थळावरून होणाऱ्या फसवणुकीचा एक साचा आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आला आहे: परदेशातलं स्थळ, त्याने पाठवलेली भेट आणि विमानतळावर 'कस्टम्समध्ये अडकलेलं' पार्सल. त्याबद्दलचे चार गैरसमज पाहू. उदाहरणासाठी नाशिकची ४२ वर्षांची, घटस्फोटित शिक्षिका डोळ्यांपुढे ठेवू. ती काल्पनिक आहे, पण तिच्याबाबतीत जे घडतं ते नेहमीचंच.

गैरसमज : पैसे मागितले की आपल्याला लगेच संशय येईल.

वस्तुस्थिती : ज्याच्यावर जीव जडतो, तो बहुधा पैसे मागतच नाही. लंडनमधला विधुर इंजिनिअर दोन-तीन दिवसांतच गप्पा संकेतस्थळावरून व्हॉट्सअॅपवर नेतो. कारण संकेतस्थळाकडे तक्रार गेली तर प्रोफाइल बंद होतं, तिथलं संभाषणही तपासता येतं. मग रोज सकाळी 'चहा झाला का', रात्री 'शाळेत आज काय झालं' अशी विचारपूस सुरू होते. महिनाभरात लग्न, घर, तिच्या मुलीचं शिक्षण असं सगळं बोलून होतं. त्यानंतर तो भेट पाठवल्याचं सांगतो. दागिने, फोन आणि पाकिटात पौंडांच्या नोटा असलेल्या पेटीचा फोटो येतो, पार्सल कुठवर पोहोचलं हे दाखवणारी लिंकही येते.

पैसे मागणारा आवाज वेगळाच असतो. 'दिल्ली विमानतळावरून कस्टम्स ऑफिसर बोलतेय, ३५,००० रुपये ड्यूटी भरा.' ते भरले की स्कॅनिंगमध्ये परकीय चलन सापडल्याचं कळतं आणि दंड ९५,००० होतो. पुढे मनी लाँडरिंग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर अटक. ती घाबरून त्यालाच फोन लावते. तो म्हणतो, 'माझ्यामुळे तुला त्रास झाला, पण पाकिटातल्या पैशांतून सगळं भरून निघेल.' धमकावणारा आणि धीर देणारा, दोघे एकाच टोळीचे असतात. तिला मात्र तो आपल्या बाजूचा वाटत राहतो. म्हणून पैसे कोणी मागितले यापेक्षा ती मागणी कोणाच्या ओळखीतून आली, हे पाहावं.

गैरसमज : अधिकाऱ्याची भाषा आणि शिक्का असलेलं पत्र आहे, म्हणजे खरं असणार.

वस्तुस्थिती : सीमाशुल्क विभाग फोन करून कोणाच्या वैयक्तिक बँक खात्यात शुल्क भरायला सांगत नाही. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. तिथे सरकारी कार्यालयाऐवजी एखाद्या अनोळखी माणसाचं नाव असेल तर तिथेच थांबा. असं खातं सहसा कमिशनवर वापरायला दिलेलं असतं. नोव्हेंबर २०१९पासून या विभागाच्या पत्रांवर सहसा डीआयएन हा क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. शिवाय बहुतेक कुरिअर कंपन्या पार्सलमध्ये रोख रक्कम स्वीकारतच नाहीत, त्यामुळे नोटांचं पाकीट हीच पहिली थाप.

गैरसमज : व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहिला, म्हणजे माणूस खरा.

वस्तुस्थिती : पूर्वी 'कॅमेरा बिघडलाय' ही सबब असे. आता चेहरा बदलणारी साधनं सहज मिळतात. धूसर, अर्ध्या मिनिटाचा कॉल हा पुरावा नव्हे. चेहऱ्यासमोरून हात फिरवायला किंवा मान पूर्ण वळवायला सांगितल्यावर चित्र फाटलं, तर तो बनाव असू शकतो. मात्र ते नीट दिसलं म्हणून माणूस खरा ठरत नाही. प्रोफाइलमधला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहा. तोच चेहरा दुसऱ्या नावाने सापडू शकतो. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे गुप्तता. 'आत्ताच घरी सांगू नकोस, सरप्राइज देऊ' असं लग्नाच्या स्थळाने म्हणणं आपल्या रीतीला धरून नाही. भावाला किंवा मैत्रिणीला सगळं सांगून पाहिलं, तर बाहेरच्या माणसाला हा साचा पटकन दिसतो.

गैरसमज : फसतात ते भोळे किंवा लोभी, आणि एकदा गेलेले पैसे गेलेच.

वस्तुस्थिती : शिक्षण इथे फारसं वाचवत नाही. पहिला हप्ता माणूस विश्वासापोटी भरतो आणि पुढचे बहुधा आधीचे बुडू नयेत म्हणून. लोकलाजेने तक्रार लांबते तसे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, मग एटीएममधून बाहेर पडतात. म्हणून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. वेळेत कळलं तर खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. सगळी परत मिळेलच, अशी खात्री मात्र नाही. चॅट पुसू नका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, खात्याचा तपशील आणि फोन नंबर जवळ ठेवा. पुढे कोणी 'फी भरा, तुमचे पैसे सोडवून देतो' म्हणत आला, तर तो त्याच फसवणुकीचा पुढचा हप्ता समजा.