एक उशीर, तीन संदेश

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लांबली की दिलगिरीचा संदेश तिघांसाठी वेगळा लिहावा लागतो, कारण तो वाचून प्रत्येकाला वेगळा निर्णय घ्यायचा असतो. समजा, पगारपत्रकाची नवी आवृत्ती 10 तारखेला द्यायची होती. जुनी माहिती नव्या प्रणालीत हलवताना काही कर्मचाऱ्यांची शिल्लक रजा चुकीची दिसली आणि तारीख 24 वर गेली.

ग्राहकाला आधी त्याच्या कामावरचा परिणाम सांगावा: “10 तारखेची आवृत्ती 24 तारखेला मिळेल. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. या महिन्याचा पगार जुन्याच प्रणालीतून काढता येईल. ती सुरू राहील.”

टीमला तपशील हवा: कोणती चाचणी फसली, दुरुस्ती कोणाकडे, कोणते काम तूर्त थांबवायचे. चाचणीला वेळ कमी ठेवला असेल, तर ती चूक व्यवस्थापकाने स्वतःकडे घ्यावी.

वरिष्ठांना चार ओळी पुरतात: किती उशीर, करारानुसार दंडाची शक्यता, वाढीव खर्च आणि त्यांच्याकडून हवा असलेला निर्णय.

तिन्ही संदेशांतली तारीख आणि कारण जुळलेच पाहिजे, कारण असे संदेश पुढे पाठवले जातात. दुरुस्तीचा अंदाज पक्का नसताना तारीख दिली, तर पुन्हा माफी मागायची वेळ येते. तोवर पुढची माहिती कधी मिळेल, एवढेच कळवावे.