‘मोजून घ्या, मग जा’

महाराष्ट्रात मे महिन्याच्या अखेरीस निरोप समारंभांची गर्दी असते. एका पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकली आणि एक तारखेला जन्मलेला माणूस नियमाने आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांत शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ असतातच. अलीकडे त्यांच्या जोडीला पडद्यावर एक चित्रफीतही असते. सहकाऱ्यांनी मोबाइलवर बोलून पाठवलेले छोटे संदेश एकामागून एक जोडायचे आणि मागे बासरी लावायची. पाच मिनिटांनी प्रेक्षक पंख्याकडे बघू लागतात.

असं का होतं, ते मला आमच्या शाखेतल्या हेड कॅशियर मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा कळलं. चित्रफितीचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी ग्रुपवर टाकलं, ‘मॅडमविषयी दोन शब्द बोलून पाठवा.’ पहिल्या दिवशी सहा संदेश आले. सहाही जणांच्या मते मॅडम मनमिळाऊ, हसतमुख आणि कर्तव्यदक्ष होत्या आणि त्यांचं पुढील आयुष्य सुखाचं, समृद्धीचं व निरोगी जावो. खोटं कुणीच बोलत नव्हतं, पण नाव बदललं असतं तर हेच संदेश पोस्टमास्तरांनाही चालले असते.

चूक माझ्या प्रश्नात होती. ‘दोन शब्द’ म्हटलं की मराठी माणूस मनातल्या मनात व्यासपीठावर चढतो. मग मी उरलेल्यांना प्रत्येकी एकच प्रश्न विचारला, तोही वेगवेगळा. काउंटरवर मॅडम कायम काय म्हणायच्या? त्या तुमच्यावर कधी रागावल्या? त्यांच्या टेबलावरची कुठली वस्तू तुम्हाला आठवते? सोबत दोन सूचना दिल्या : फोन आडवा धरा आणि ‘नमस्कार, मी अमुक’ म्हणू नका, नाव आम्ही खाली लिहू. पहिल्या सहांनाही हेच प्रश्न पाठवले, त्यातल्या दोघांनी पुन्हा बोलून पाठवलं. आता मजकुराला रंग आला. स्पंजची डबी आली, मनगटात अडकवलेली रबरबँडं आली. आणि दहा जणांनी तेच एक वाक्य सांगितलं : ‘मोजून घ्या, मग जा.’

एकोणीस जणांचे मिळून एकतीस मिनिटांचे संदेश जमले. समारंभात सहा-सात मिनिटांपलीकडे कुणी बघत नाही, म्हणजे जवळजवळ चार पंचमांश कापायचं होतं. इथे बहुतेक जण थेट फोनवर कात्री चालवायला बसतात आणि ऐकता ऐकता हरवतात. मी आधी सगळे संदेश शब्दन् शब्द उतरवून काढले. काम कंटाळवाणं आहे, दोन संध्याकाळी गेल्या, पण कागदावर जे दिसतं ते कानाला सापडत नाही. माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो, त्यामुळे ओळी मोजल्या की वेळही कळतो. मग प्रिंट काढली, वाक्यांच्या पट्ट्या कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

मांडल्यावर दिसलं की पाच जण एकाच आठवड्याविषयी बोलत होते : नोव्हेंबर २०१६. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दहा तारखेला बँका उघडल्या तेव्हा रांग आमच्या दारातून थेट रस्त्यावर गेली होती. पाचही संदेश पूर्ण ठेवले असते तर एकच गोष्ट पाचदा ऐकावी लागली असती. म्हणून मी ती एकदाच सांगितली, पाच तोंडांनी. संहितेत ते असं उतरलं :

शिपाई : त्या दिवशी रात्री अकरा वाजता कॅश बंद झाली.
क्लार्क : दीड वाजला होता. अकरा कुठले!
सुरक्षारक्षक : किती वाजले माहीत नाही, पण चहाची किटली पाचव्यांदा भरली होती.
नवा कॅशियर : मला रडू येत होतं. मॅडम म्हणाल्या, आधी बंडल बांध, मग रड.
शाखाधिकारी : दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी त्याच हजर होत्या.

अकरा की दीड, हा वाद मी मुद्दाम मिटवला नाही. समारंभात पहिला हशा तिथेच आला. शाखाधिकारी शेवटी आहेत हेही ठरवून केलेलं आहे. हुद्द्याच्या क्रमाने संदेश लावले की सुरुवातीलाच भाषण होतं. वाक्य गोष्टीत जिथे बसतं, तिथे माणूस बसवावा.

शिपाईमामा ‘ताई’ म्हणत होते, जुनी मैत्रीण ‘अगं’ म्हणत होती, बाकीचे ‘मॅडम’. यात एकसारखेपणा आणायच्या फंदात मी पडलो नाही, तीस वर्षांची नाती त्या हाकांतच होती. निवेदन मात्र कमीत कमी ठेवलं. कुठल्या साली कुठल्या शाखेत, एवढंच, कारण ते कुणाच्याच संदेशात नव्हतं.

काळाचं भान ठेवायला हवं. ‘त्या फार प्रेमळ होत्या, सगळ्यांना सांभाळून घ्यायच्या’ असं लागोपाठ चार जण म्हणाले, खाली मंद बासरी आणि वर झेंडूच्या चौकटीतला फोटो असला की ती श्रद्धांजली होते. माझा पहिला जोड घरी दाखवला तेव्हा आईने हळूच विचारलं, ‘कधी गेल्या?’ मग स्वभावाची वाक्यं शक्य तिथे ‘आहेत’वर आणली, निदान तशी सापडली तेवढीच ठेवली. ‘होत्या’ फक्त घडलेल्या प्रसंगांना राहिलं. बासरी काढली आणि नोटा मोजण्याच्या यंत्राची फडफड घातली.

एक चांगला प्रसंग मी काढूनही टाकला. नव्या कॅशियरची रोकड एकदा कमी भरली होती आणि मॅडमनी ती कुणाला न सांगता स्वतःच्या पर्समधून भरली, असं तो सांगत होता. ऐकताना माझाही गळा दाटला. पण समारंभाला वरच्या कार्यालयातले साहेब येणार होते आणि नोंद न करता तूट भरणं नियमात बसत नाही. निरोपाच्या दिवशी पडद्यावर त्याची कबुली कशाला? असले प्रसंग, ग्राहकांची नावं आणि घरच्या अडचणी कितीही हृद्य असल्या तरी संहितेबाहेर ठेवाव्यात. शंका वाटली तर ज्याने प्रसंग सांगितला त्यालाच विचारावं. त्याने तो दुपारच्या चहाला मॅडमना समोरासमोर सांगितला.

प्रश्न उरला त्या चौघांचा, ज्यांच्याकडून शेवटपर्यंत नुसत्या शुभेच्छाच आल्या. त्यांना वगळलं असतं तर वर्षभर काउंटरवर अबोला राहिला असता. एकाच्या संदेशातून ‘पुढील आयुष्य’ घेतलं, दुसऱ्याच्या ‘सुखाचं’, तिसऱ्याच्या ‘समृद्धीचं’ आणि चौथ्याच्या ‘जावो’. चार तोंडांतून एक वाक्य पाच सेकंदांत संपलं, आणि प्रत्येकाला स्वतःचा चेहरा दिसला.

अखेरची चित्रफीत सहा मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. तिच्यात बोललेले शब्द सहाशेच्या आसपास, बाकी जुने फोटो आणि हसण्यासाठी सोडलेल्या जागा. शेवट करायला दहा जणांचं ते वाक्य होतंच : ‘मोजून घ्या, मग जा.’ दहाही जण ते मॅडमच्याच सुरात म्हणतात, सर्वांत शेवटी सुरक्षारक्षक दार उघडून धरतो.

मॅडमना मी पेनड्राइव्ह दिला तेव्हा त्यात ही फाइल होतीच, शिवाय एकोणीस जणांचे सगळे संदेश न कापता ठेवले होते. आठवड्याने त्यांचा फोन आला. मोठे संदेश त्यांनी दोनदा ऐकले होते, आणि त्या रात्री कॅश साडेबाराला बंद झाली होती.