सीएचं कार्ड कुठल्या चटईवर?

दहावीची परीक्षा संपलेली असते आणि निकाल लागायचा असतो. शाखानिवडीचं सत्र घ्यायचं तर याच मधल्या दिवसांत. एकदा टक्के कळले की वर्गातलं बोलणं ‘नव्वदला सायन्स, साठला आर्ट्‌स’ एवढ्यावरच येऊन थांबतं. इथे मांडलेला आराखडा चाळीस मुलांसाठी आणि दीड तासाचा आहे. त्यात पाहुण्यांचं भाषण नाही.

जमिनीवर तीन चटया अंथरायच्या: विज्ञान, वाणिज्य, कला. पाच-पाच मुलांच्या गटांना कार्डं वाटायची. पुढच्या बाजूला अभ्यासक्रमाचं नाव आणि मागे पात्रता. गटाने मागची बाजू न पाहता कार्ड चटईवर ठेवायचं. सीएचं कार्ड बहुतेक वेळा वाणिज्यवर जातं, पाच वर्षांच्या कायद्याचं कलेवर. मग कार्डं उलटली की गडबड कळते. सीए फाउंडेशनला कोणत्याही शाखेची बारावी चालते, कायद्यालाही चालते. ही कार्डं तिन्ही चटयांवर हवीत. बी.एस्सी.चं कार्ड मात्र विज्ञानावरून हलत नाही. विज्ञानाकडून कलेकडे किंवा वाणिज्याकडे वळता येतं, उलट वाट जवळपास बंद असते.

खरी मेख पुढे आहे. विज्ञानाच्या चटईवर मधोमध सुतळी टाकायची. एका बाजूला गणित, दुसऱ्या बाजूला जीवशास्त्र. एमबीबीएस आणि बीएएमएस जीवशास्त्राकडे जातात, कारण ‘नीट’ला त्याला पर्याय नाही. इंजिनिअरिंग गणिताकडे. बी.फार्म. थेट सुतळीवर बसतं, तिथे दोन्हींपैकी एक चालतं. ‘सायन्स घेतलं’ म्हणजे सगळं मोकळं राहिलं, हा घराघरातला समज इथे तुटतो.

समजा, एका मुलीला खडकवासल्याच्या एनडीएत जाऊन हवाई दलात दाखल व्हायचं आहे. मुलींना ही परीक्षा २०२१ पासून देता येते. तिला गणिताची धास्ती आहे म्हणून ती जीवशास्त्र घ्यायचं म्हणते. कार्ड उलटल्यावर तिला दिसतं की लष्करासाठी कोणतीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. आता तिच्यापुढे तीन वाटा उरतात: गणित घेणं, चारही विषय घेऊन जास्तीचा भार सोसणं किंवा लष्कराचा विचार करणं. शिक्षकाने इथे गप्प बसावं.

या खेळाचा एक धोका आहे. सगळ्यात जास्त कार्डं विज्ञानावर दिसतात, म्हणून सगळेच तिकडे धावतात. त्यावर उतारा म्हणजे अकरावीच्या पुस्तकांची पानं. प्रत्येक पानाला आठ मिनिटं द्यायची. पुस्तपालनात राजूकडून पाच हजारांचा माल उधारीवर घेतला, त्याची रोजकीर्दीतली नोंद करायची: खरेदी खातं नावे, राजूचं खातं जमा. भौतिकशास्त्रात तीन किलोमीटर पूर्वेला आणि चार किलोमीटर उत्तरेला गेलेला माणूस निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किती दूर आहे, ते काढायचं. समाजशास्त्राचा एक उतारा वाचून त्यातलं म्हणणं दोन ओळींत लिहायचं. भौतिकशास्त्राचं पान इंग्रजीतलंच द्यावं, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांना अकरावी सायन्सला बहुतेक ठिकाणी तेच हातात मिळतं. मूल अडलं तर तोच प्रश्न मराठीत सांगून पाहायचा. लगेच पाच किलोमीटर हे उत्तर आलं, तर अडचण विषयाची नव्हती, भाषेची होती; तिला सुट्टीतल्या इंग्रजी वाचनाचा इलाज आहे. मराठीतही कंटाळा आला, तर ती खूण वेगळी. या पानांना गुण देऊ नयेत. आठ मिनिटांत कुवत कळत नाही, फार तर ओढ कळते.

शेवटची पंधरा मिनिटं आत्मचिंतन-पत्रिकेची. तिच्यात चारच प्रश्न: ही शाखा पहिल्यांदा कोणी सुचवली? मला हव्या असलेल्या कोर्सला कोणते विषय लागतात, आणि ते मी कुठे वाचलं? कोणत्या पानावर माझं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? वर्षभराने मन बदललं तर इथून कुठे जाता येईल? दुसऱ्या प्रश्नापुढे ‘काकांनी सांगितलं’ असं उत्तर आलं तर ते खोडून मूळ माहितीपुस्तिका किंवा अधिकृत संकेतस्थळ पाहायला लावावं. पात्रतेचे नियम बदलतात, कार्डंही दरवर्षी नव्याने तपासावी लागतात. पहिलं उत्तर मात्र घडी घालून मुलाकडेच राहावं. ते वाचलं जाणार असं कळलं की सगळेच ‘मी स्वतः’ लिहितात.

पत्रिका निकालानंतर पुन्हा उघडायची, अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याच्या आदल्या दिवशी. हवाई दलवाल्या मुलीने चौथ्या प्रश्नापुढे लिहिलेलं असेल, ‘गणित सोडलं तर परत नाही.’ त्याखाली तिने निकालातले गणिताचे गुण लिहायचे आणि मग अर्ज भरायला बसायचं.