‘हार्डली’ वाक्याच्या तोंडाशी आलं की

‘तो क्वचितच येतो’ म्हणा किंवा ‘क्वचितच तो येतो’ म्हणा, मराठीत क्रियापद शेवटी असतं ते शेवटीच राहतं. त्याच सवयीने आपण इंग्रजीत ‘रेअरली ही कम्स’ लिहितो, आणि तिथेच चुकतो. नेव्हर, रेअरली, हार्डली यांसारखी नकाराकडे झुकणारी क्रियाविशेषणं वाक्याच्या सुरुवातीला आली की त्यांच्या मागोमाग आधी सहायक क्रियापद येतं, मग कर्ता. पहिल्या पदानंतर लगेच क्रियापद ठेवण्याची रीत जुन्या इंग्रजीत बरीच रूढ होती. जर्मनमध्ये ती आजही नियम म्हणून पाळली जाते. इंग्रजीत तिचा अवशेष अशा मोजक्या जागी उरला आहे.

रचना बरोबर जमवायची तर आधी साधं वाक्य लिहावं. ‘ही हॅड हार्डली अराइव्ह्ड व्हेन द लाइट्स वेंट आउट’, म्हणजे तो पोहोचतो न पोहोचतो तोच दिवे गेले. यात ‘हॅड’ हे सहायक क्रियापद हाताशीच आहे. ‘हार्डली’ पुढे आणलं की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी जातं: ‘हार्डली हॅड ही अराइव्ह्ड व्हेन द लाइट्स वेंट आउट’. अदलाबदल फक्त पहिल्या भागात होते. ‘व्हेन’च्या पुढचं काहीही हलत नाही. ‘व्हेन डिड द लाइट्स गो आउट’ असं लिहिलं तर तो दिवे कधी गेले हा प्रश्नच होऊन बसतो.

‘ही रेअरली कम्स’मध्ये मात्र सहायक क्रियापद नाही, म्हणून ‘डज’ आणावं लागतं. काळाची आणि पुरुषाची खूण आता ‘डज’वर गेली, तेव्हा ‘कम्स’चा शेवटचा ‘स’ गळतो: ‘रेअरली डज ही कम’. हा ‘स’ तसाच ठेवणं, किंवा ‘नेव्हर डिड ही केम’सारखा भूतकाळ दोनदा लावणं, ही नेहमी आढळणारी चूक. ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आलं की मूळ क्रियापदाला कोणताही प्रत्यय नको, एवढं तपासलं तरी बहुतेक वाक्यं सुधारतात.

‘हार्डली’च्या जोडीला ‘व्हेन’ आणि ‘नो सूनर’च्या जोडीला ‘दॅन’. ‘सूनर’ हे तुलनेचं रूप असल्यामुळे त्याला ‘दॅन’ लागतं. ‘हार्डली’त तुलना नाही. तरीही ‘हार्डली… दॅन’ चांगल्या इंग्रजी लेखकांकडूनही लिहिलं जातं. माझ्या मते परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ते टाळलेलंच बरं.

मात्र ‘हार्डली’ दिसलं की प्रत्येक वेळी क्रम उलटायचा नसतो. ‘हार्डली एनिवन केम’ हे वाक्य आहे तसंच बरोबर आहे. इथे ‘हार्डली’चा संबंध येण्याच्या क्रियेशी नसून ‘एनिवन’शी आहे. ‘हार्डली एनिवन’ हा सगळा कर्ताच आहे, त्यामुळे त्याच्या आधी ‘डिड’ घुसवायला जागाच नाही.