यादी परत आणणारे कार्ड

गल्लीतल्या किराणा दुकानाला गिऱ्हाइकाची वानवा नसते. माणसे रोज येतातच, पण पाव, कोथिंबीर, आगपेटी आणि दोन अंडी घेऊन जातात. महिन्याची मोठी यादी मात्र मॉलमध्ये जाते किंवा मोबाइलवरून मागवली जाते. त्यामुळे टिकवण्याची योजना आखताना ‘नवे गिऱ्हाईक कसे मिळेल?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. ओळखीच्या घराची यादी परत कशी येईल, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक दुकानदारांना पहिला उपाय सुचतो तो सरसकट सवलतीचा. तो किती महागात पडतो हे एका मध्यम दुकानाच्या हिशेबातून पाहू. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने ते आपल्या वहीतून बदलून घ्यावेत. दुधाचा हिशेब वेगळा ठेवून महिन्याची विक्री ४,८०,००० रुपये धरू. तेल-साखरेत सुटणारे थोडे आणि सुट्या मालात सुटणारे जास्त असे मिळून सरासरी १२ टक्के सुटतात, म्हणजे ५७,६०० रुपये. भाडे, वीजबिल आणि पोऱ्याचा पगार यांत ३२,००० गेले की मालकाच्या हाती २५,६०० उरतात. सगळ्यांना २ टक्के सूट दिली तर त्यातले ९,६०० रुपये जातात. एवढे देऊनही सूट मुख्यतः त्यांनाच मिळते, जे ती नसतानाही आले असते.

म्हणून आधी महिनाभर वही लिहावी. घराचे नाव, तारीख आणि बिलाची रक्कम एवढे तीन रकाने पुरतात. महिना संपला की घरांचे गट आपोआप दिसू लागतात. आपल्या उदाहरणात ८० घरे पूर्ण यादी इथेच भरतात आणि सरासरी ३,००० रुपयांचा माल नेतात. १४० घरे महिन्यात सहा-सात वेळा येतात, पण त्यांचे सगळे मिळून ११०० रुपयेच होतात. उरलेली तुरळक येणारी. योजना या मधल्या १४० घरांसाठी आखावी. त्यांना दुकान माहीत आहे, दुकानदारावर भरवसा आहे, फक्त यादी दुसरीकडे जाते.

ती का जाते, हे दर वेळी भावावरूनच ठरते असे नाही. फळीवरचा एक नेहमीचा संवाद पाहा. “भाऊ, इंद्रायणी आहे का?” “संपलाय वहिनी, परवा येईल.” वहिनी परवापर्यंत थांबत नाहीत. तांदूळ जिथे मिळतो तिथूनच त्या डाळ, रवा आणि साबणही आणतात. म्हणून वहीच्या मागच्या पानावर ‘मागितले, पण नव्हते’ अशी नोंद ठेवावी. एखादी वस्तू आठवड्यात तीनदा त्या पानावर आली, तर कार्ड छापण्याआधी ती दुकानात आणावी. जिथे माल मिळत नाही, तिथे बक्षिसाने कोणी थांबत नाही.

आता कार्ड. साधे पुठ्ठ्याचे, तीन चौकोनांचे. महिन्यात २,००० रुपयांची खरेदी झाली की एक शिक्का. सलग तीन शिक्के झाले की दोन किलो पोहे, किंवा तेवढ्याच किमतीचे शेंगदाणे. दुकानात या मालाची किंमत १२० रुपये धरली, तर सुट्या मालात वीसेक टक्के सुटतात म्हणून दुकानदाराला तो ९६ रुपयांना पडतो. रोख सूट न देता माल देण्याचे कारण हेच. घराला १२० मिळतात आणि गल्ल्यातून ९६ जातात.

या एका घरामागे काय मिळते? ११०० वरून २,००० म्हणजे महिन्याला ९०० रुपये जास्त, तीन महिन्यांत २,७००. त्यावर १२ टक्क्यांनी ३२४ रुपये सुटतात. बक्षिसाचे ९६ वजा केले की २२८ उरतात. शिक्का आणि कार्डांची छपाई ५०० रुपये, घरपोच देण्याचे पेट्रोल तीन महिन्यांचे २,४०० आणि पुढे सांगितलेल्या दिवाळी पाकिटाचा तिमाही वाटा १,२०० मिळून ठरलेला खर्च ४,१०० होतो. त्याला २२८ ने भागले की उत्तर १८ येते. तीन शिक्के पूर्ण करणारी १८ घरे झाली की खर्च निघतो. शंभर कार्डे वाटून २५ घरांचे लक्ष्य ठेवावे, म्हणजे तिमाहीत १,६०० रुपये उरतात. हा आकडा छोटा आहे, पण त्या घरांची यादी पुढेही इथेच राहिली तर फायदा वाढत जातो.

हा हिशेब एका ठिकाणी पटकन बिघडतो. वाढलेली खरेदी बहुतेक तेलाच्या डब्याची निघाली आणि नफा ८ टक्क्यांवर आला, तर घरामागे १२० रुपयेच उरतात आणि खर्च निघायला ३५ घरे लागतात. म्हणून ‘तेलाचा डबा धरला जाणार नाही’ हे कार्डावर ठळक छापावे. दुसरी अट उधारीची. बिल फिटल्यावरच शिक्का मारावा, नाहीतर बक्षिसासाठी वाढलेली खरेदी वहीत थकून बसते.

आता पूर्ण यादी भरणाऱ्या ८० घरांचे काय? त्यांना हेच कार्ड दिले, तर काहीही न वाढता तिमाहीला ७,६८० रुपये जातील. काहीच दिले नाही, तर वीस वर्षे येणाऱ्या काकूंना शेजारणीचे पोहे दिसतील आणि त्यांचे दुखावणे रास्तच असेल. त्यांच्यासाठी योजना वेगळी हवी, आणि तीच आधी जाहीर करावी. व्हॉट्सॲपवर यादी पाठवली की संध्याकाळपर्यंत माल घरपोच, खराब निघाला तर विनातक्रार बदलून, आणि दिवाळीत साठ रुपयांचे फराळाच्या सामानाचे पाकीट. वर्षाचा पाकिटांचा खर्च ४,८०० येतो. यातल्या कोणी पाकिटाऐवजी कार्ड मागितले तर ते द्यावे आणि वहीत तशी नोंद करावी, म्हणजे त्यांचा आकडा लक्ष्यात मिसळणार नाही.

सुरुवात जानेवारीत करावी. दिवाळीत सगळ्यांचीच खरेदी वाढते आणि मे महिन्यात घरे गावी जातात, त्यामुळे त्या दिवसांतले आकडे फसवतात. शिवाय मधल्या १४० पैकी ४० घरांना, शक्यतो एका वेगळ्या गल्लीतल्या, पहिले तीन महिने कार्ड देऊ नये. त्यांची खरेदीही वाढली, तर तेवढी वाढ कार्डामुळे झालेली नाही असे समजून वजा करावी. त्या गल्लीतून कोणी मागितलेच तर नाही म्हणू नये, फक्त त्या घराची नोंद वेगळी ठेवावी.

लक्ष्य महिन्यागणिक लिहून ठेवावे. पहिल्या महिन्यात ४५ घरांना शिक्का, दुसऱ्यात त्यातल्या ३५ घरांना आणि तिसऱ्यात २५ घरांना. पहिल्याच महिन्यात तिसाच्या आत राहिलात तर २,००० ची पायरी या वस्तीला उंच आहे, पुढच्या खेपेला ती १,७०० करून हिशेब पुन्हा मांडावा. पहिला महिना चांगला जाऊन दुसऱ्यात निम्म्याहून जास्त घरे गळाली तर गडबड बक्षिसात नसते, मालात किंवा घरपोच पोचवण्यात असते. अशा वेळी मागचे पान उघडावे आणि गळालेल्या चार-पाच घरांना थेट विचारावे.

मार्चअखेर बेरीज करावी. वजावट करूनही १८ च्या वर घरे टिकली तर उरलेल्या ४० घरांना कार्डे द्यावीत. खाली राहिलात तर नवी कार्डे थांबवावीत, पण ज्यांचे तीन शिक्के झाले त्यांचे पोहे मागायची वेळ येण्याआधी द्यावेत, आणि ज्यांचे दोन झाले त्यांना तिसरा पूर्ण करायला आणखी एक महिना द्यावा. योजना बंद पडली तरी ही घरे उद्या पाव घ्यायला याच फळीवर येणार आहेत.