संघ आधी त्याला कळतो

फुटबॉलचा मोठा सामना सुरू व्हायच्या साधारण तासभर आधी संघ जाहीर होतो. तेव्हा चाहते मोबाईलकडे बघत असतात, पत्रकार यादी टिपून घेत असतात. पण ड्रेसिंग रूममध्ये ती यादी त्याच्या कितीतरी आधी खुंट्यांवर टांगलेली असते. कुठली जर्सी कुठल्या खुंटीवर लावायची, कोण पहिल्या अकरांत आणि कोण बाकावर, हे प्रशिक्षकाने एका माणसाला आधीच सांगितलेलं असतं, कारण त्याशिवाय त्याचं काम होऊच शकत नाही. हा माणूस म्हणजे किट मॅन. जर्सी धुणारा, घडी घालणारा, पेट्या भरणारा आणि तोंड बंद ठेवणारा. एखाद्या खेळाडूला आज वगळलंय, हे त्या खेळाडूच्या आधी याला ठाऊक असतं. तरीही तो खेळाडू आत आला की त्याच्याशी रोजच्यासारखं बोलावं लागतं.

जुन्या काळी हे अधिकच सरळ होतं. इंग्लंडच्या लीगमध्ये 1939 पासून जर्सीवर आकडा सक्तीचा झाला, पण तो आकडा माणसाचा नव्हे, जागेचा होता. पहिले अकरा खेळाडू 1 ते 11 आकडे घालत. नऊ नंबरची जर्सी ज्याच्या हातात पडली, तो त्या दिवशीचा स्ट्रायकर. प्रीमियर लीगमध्ये 1993-94 च्या हंगामापासून प्रत्येक खेळाडूला हंगामभराचा स्वतःचा नंबर आणि पाठीवर नाव मिळालं. तेव्हापासून किट मॅनचं काम वाढलं. पूर्वी एकाच्या मापाची जर्सी दुसऱ्याला चालून जाई. आता प्रत्येकाचा वेगळा संच सांभाळायचा आणि त्याची अदलाबदल होऊ द्यायची नाही.

एका सामन्याचा हिशेब मांडून बघू. प्रीमियर लीगमध्ये सध्या सामन्यासाठी वीस जणांची यादी असते, अकरा मैदानावर आणि नऊ बाकावर. प्रत्येकासाठी निदान दोन जर्स्या धरल्या, म्हणजे मध्यंतरात भिजलेली उतरवून कोरडी घालता येते, तर चाळीस झाल्या. त्याशिवाय रक्तासाठी राखीव जर्स्या ठेवाव्या लागतात, कारण कपड्यांवर रक्त लागलेला खेळाडू ते बदलल्याखेरीज मैदानात राहू शकत नाही. वर शॉर्ट्स, मोजे, सरावाचे कपडे, थंडीचे जाकीट, प्रशिक्षकांचे कपडे. परगावी सामना असेल तर दुसऱ्या रंगाचा अख्खा संच.

हा दुसरा संच नुसता शोभेचा नसतो. 13 एप्रिल 1996 ला मँचेस्टर युनायटेड साउथँप्टनच्या मैदानावर राखाडी जर्सी घालून उतरलं आणि मध्यंतरापर्यंत 0-3 असं मागे पडलं. त्या फिक्या राखाडीत आपले सहकारी मागच्या गर्दीत मिसळून जातात, मान वर केली की पटकन दिसत नाहीत, अशी खेळाडूंची तक्रार होती. अॅलेक्स फर्ग्युसन यांनी मध्यंतरात जर्सीच बदलायला लावली. संघ निळ्या-पांढऱ्या कपड्यांत परत आला, एक गोल केला आणि सामना 1-3 असा हरला. राखाडी जर्सी त्यानंतर कायमची बंद झाली. हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला जातो. पण मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं आणि तेवढ्यात अख्ख्या संघाला दुसऱ्या कपड्यांत उभं करता आलं, कारण ते कपडे कुणीतरी आधीच पेटीत भरून आणले होते.

आता धुण्याकडे वळू, कारण हा माणूस संघ वाचायला शिकतो तो तिथेच. जर्सी पॉलिएस्टरची असते. तिच्यावरचा नंबर आणि नाव उष्णतेने चिकटवलेलं असतं. म्हणून पहिला नियम असा की जर्सी उलटी करून धुवायची, पाणी कोमट, तीस ते चाळीस अंशांच्या आतलं. गरम पाण्याने किंवा ड्रायरच्या तापाने नंबराची कड आधी सुटते. बोटाने चाचपलं की ती लागते आणि एकदा सुटायला लागली की पुढच्या चार-सहा धुण्यांत अक्षर उचललं जातं. दुसरा नियम असा की कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव अजिबात वापरायचं नाही. ते धाग्यावर पातळ थर बसवतं. मग घाम शोषून बाहेर टाकायचं काम कापड करीनासं होतं आणि वास उलट आतच अडकतो.

वासाचंही एक शास्त्र आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये व्यायाम केलेल्या लोकांचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुती कपड्यांपेक्षा पॉलिएस्टरच्या कपड्यांना जास्त उग्र वास आढळला. वास निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर चांगले वाढतात, हे त्यामागचं कारण. त्यामुळे ओल्या जर्स्या बॅगेत रात्रभर कोंबून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. चिखल लागलेला नसेल तर सामना संपल्यावर त्या लगेच धुवायच्या. ते शक्य नसेल तर निदान पसरून वाळवायच्या.

डाग मात्र एका जातीचे नसतात. रक्त थंड पाण्यातच भिजवायचं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट होतात आणि डाग कापडात बसतो. गवताच्या डागाला एन्झाइम असलेली पावडर लागते आणि थोडा धीर लागतो. चिखल ओला असताना घासला तर तो आत जिरतो. आधी वाळू द्यायचा, झटकायचा, मगच पाण्यात टाकायचा. आणि आपल्या कोकणातल्या नि गोव्यातल्या मैदानांवरची तांबडी माती ही सगळ्यात चिवट. तिचा रंग लोहाच्या गंजाचा असतो, म्हणून साबणाने तो फिका होतो पण जात नाही. पांढऱ्या कपड्यावर वैतागून क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर गंजाचा पिवळा डाग अधिकच पक्का होतो. तिथे लिंबासारखं आम्ल उपयोगी पडतं. पण तेही आधी कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर लावून बघायचं, आणि ब्लीचमध्ये ते कधीच मिसळायचं नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

हे सगळं करताना प्रत्येक कपडा हातातून जातो आणि कपडे बोलतात. एकाच्या शॉर्ट्सवर नेहमी उजव्या कुल्ल्यावर हिरवा डाग असतो. एके आठवड्यात तो नसला तर गडी त्या बाजूला घसरायला कचरतोय का, हा प्रश्न पडतो. कुणाच्या मोज्याला पोटरीवर कात्रीने भोकं पाडलेली सापडतात. आजकाल बरेच खेळाडू मोजा घट्ट होतो म्हणून असं करतात. पण कधीच न करणाऱ्याने अचानक केलं तर पोटरीत गोळे येत असावेत. एखादा नेहमीपेक्षा जास्त चिकटपट्टी मागून नेतो. दुसरा एक माप मोठी जर्सी मागतो आणि "कापड आटलंय" म्हणतो. पॉलिएस्टर सहसा आटत नाही, हे किट मॅनला माहीत असतं. तो काही न बोलता मोठी जर्सी देतो.

या वाचनाला मर्यादाही आहे. स्वच्छ जर्सी म्हणजे आळशी खेळाडू, असा अर्थ कच्चा माणूस काढतो. चांगल्या बचावपटूला जमिनीवर घसरायची वेळच कमी येते, कारण तो आधीच योग्य जागी उभा असतो. त्याची जर्सी स्वच्छ राहते ते त्याच्या जाणतेपणामुळे. म्हणून एका दिवसाच्या डागावरून काही ठरवायचं नसतं. बदल कुठे झाला, एवढंच बघायचं. आणि बदल त्यालाच दिसतो ज्याने तोच कपडा वर्षभर धुतलाय.

कपड्यांच्या पलीकडचं वाचन कसं असतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या स्टोक सिटी संघाचे नील बाल्डविन. जन्म 1946 चा. लहानपणी शिकण्यात मागे असल्याचा शिक्का त्यांच्यावर बसला, पण त्यांनी तो मनावर घेतला नाही. काही काळ ते सर्कशीत 'नेलो' नावाचे विदूषक होते. जवळच्या कील विद्यापीठात कुणी नेमलेलं नसताना ते वर्षानुवर्षं नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत करत राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लू मकारी स्टोकचे व्यवस्थापक झाले, तेव्हा बाल्डविन स्वतःच त्यांना भेटायला गेले. मकारींनी त्यांना किट मॅन म्हणून ठेवून घेतलं.

मकारींना नुसता धुणारा हात नको होता. हरलेल्या संघाची ड्रेसिंग रूम कशी असते, हे त्यांना खेळाडू म्हणूनही ठाऊक होतं. मान खाली घालून बसलेले पंचवीस-तीस वर्षांचे गडी, प्रत्येकाच्या मनात पुढच्या आठवड्यात आपली जागा राहील की जाईल ही धास्ती. अशा खोलीत बाल्डविन चित्रविचित्र पोशाख करून येत आणि हसू फुटे. त्यांच्यासमोर कुणाला सावरून बसावं लागत नसे, कारण संघ निवडणं त्यांच्या हातात नव्हतं आणि त्यांना ते नकोही होतं. व्यवस्थापकासमोर खेळाडू "मी ठीक आहे" म्हणतो. किट मॅनसमोर तो बूट काढून नुसता बसून राहतो, आणि तेवढंच पुरेसं असतं. स्टोकने 1992-93 मध्ये आपला विभाग जिंकून वरच्या श्रेणीत जागा मिळवली. ते काही किट मॅनमुळे घडलं असा दावा कुणी करणार नाही. पण या माणसाला घेणं ही आपली सगळ्यात चांगली निवड होती, असं मकारींनी पुढे अनेकदा सांगितलं. एका सन्मान सामन्यात शेवटच्या काही मिनिटांसाठी त्यांनी बाल्डविनना चक्क मैदानातही उतरवलं. कील विद्यापीठाने 2013 मध्ये बाल्डविनना मानद पदवी दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या आयुष्यावर 'मार्व्हलस' हा बीबीसीचा चित्रपट आला. त्यात टोबी जोन्सने त्यांची भूमिका केली.

मात्र या ज्ञानाचा उपयोग किती करायचा, हा नाजूक प्रश्न आहे. किट मॅनने जे पाहिलं ते सगळं प्रशिक्षकाला सांगितलं तर आठवड्याभरात त्याच्यासमोरही खेळाडू सावरून बसायला लागतील आणि त्याला दिसायचंच बंद होईल. दुखापत लपवली जातेय अशी शंका आली तर संघाच्या डॉक्टरच्या कानावर घालायची, कारण तिथे खेळाडूच्या अंगाला धोका असतो. बाकीचं धुण्याच्या पाण्याबरोबर सोडून द्यायचं. डावपेच, निवड, कुणाला कुठे खेळवायचं, यातलं त्याला कमीच कळतं. चांगला किट मॅन ते मान्यही करतो.

आपल्याकडे गल्लीच्या क्रिकेट संघापासून तालुक्याच्या कबड्डी मंडळापर्यंत कुणीतरी एकजण कपड्यांची पिशवी वाहतोच. बहुतेक वेळा तो अकरांत किंवा सातांत नसलेला गडी असतो आणि बक्षिसाच्या फोटोत कडेला उभा असतो. तुमच्या मंडळात असा कुणी असेल, तर त्याला दोन गोष्टी द्या. प्रत्येक खेळाडूच्या नंबराची एकेक जाळीची पिशवी द्या, म्हणजे मोजे शोधण्यात त्याची रात्र जाणार नाही. आणि सामना संपल्यावर कपड्यांवरची ढेकळं झटकून ते त्याच्या हातात द्यायची सवय संघाला लावा. उपांत्य सामन्यात कुणाला खेळवावं हे त्याला विचारू नका. कोण दुखणं लपवतंय, हे मात्र विचारून बघा.